किराणा दुकानाचे स्वतःचे डिलिव्हरी ॲप : बांधायला पावणेदोन लाख, पण खरा खर्च त्यानंतरचा

नागपूर : शहरातल्या गल्लीत असो की तालुक्याच्या गावात, किराणा दुकानदाराच्या डोक्यात सध्या एक प्रश्न हमखास घोळतो. गिऱ्हाईक मोबाइलवरून सामान मागवायला लागले आहे, मग आपलेही एक ॲप असावे का? ॲप बनवून देणारेही रोज भेटतात. कुणी पंचवीस हजारांत देतो म्हणतो, कुणी चार लाख सांगतो. दोघेही एकाच गोष्टीला ॲप म्हणतात, आणि दुकानदाराला कळत नाही की फरक नेमका कशाचा.

फरक कळायचा असेल तर ॲपचा खर्च दोन वह्यांत मांडावा लागतो. पहिल्या वहीत ॲप बांधायचा एकदाचा खर्च. दुसऱ्या वहीत ते चालू ठेवायचा दर महिन्याचा खर्च. बहुतेक कोटेशनमध्ये फक्त पहिली वही असते. दुकान अडचणीत येते ते दुसऱ्या वहीमुळे.

हिशेब समजायला एक दुकान समोर ठेवू. समजा, बुटीबोरीच्या कामगार वस्तीत एक किराणा आहे. दुकानात सुमारे 600 वस्तू आहेत. तीन किलोमीटरच्या आत गिऱ्हाईक राहते. ॲपवरून दिवसाला 25 ऑर्डर येतील आणि सरासरी बिल 400 रुपयांचे होईल, अशी मालकाची अपेक्षा आहे. किराण्यात सगळा माल धरून सरासरी 10 टक्के सुटतात असे मानले, तर एका ऑर्डरमागे 40 रुपये मिळतात. पुढचा सगळा हिशेब या 40 रुपयांभोवती फिरतो. दर दुकानागणिक बदलतील, म्हणून प्रत्येकाने स्वतःचा आकडा घालून हीच मांडणी करून पाहावी.

पहिली वही : काम रुपयांत नाही, दिवसांत मोजायचे

ॲपवाल्याला थेट "किती घेणार?" असे विचारले की तो अंदाजाने एक आकडा सांगतो. त्याऐवजी "कोणत्या कामाला किती दिवस?" असे विचारले की कोटेशन उघडे पडते. घर बांधताना मिस्त्रीकडून पाया, भिंती, स्लॅब असे वेगवेगळे काढून घेतो, तसेच हे.

आपल्या दुकानाच्या ॲपमध्ये खरे तर तीन ॲप असतात. एक गिऱ्हाईकाचे, एक दुकानदाराचे आणि एक सामान पोचवणाऱ्या मुलाचे. गिऱ्हाईकाला मोबाइल नंबर टाकून आत जाता यावे, वस्तू शोधता याव्या, टोपलीत टाकता याव्या, पत्ता देता यावा आणि ऑर्डर कुठवर आली ते दिसावे. एका डेव्हलपरला याला साधारण 22 दिवस लागतात. दुकानदाराला भाव बदलता यावा, संपलेली वस्तू बंद करता यावी, ऑर्डर घेता किंवा नाकारता यावी, याला 15 दिवस. डिलिव्हरीच्या मुलाला आजची यादी, पत्ता, फोन आणि किती पैसे घ्यायचे ते दिसावे, याला 6 दिवस.

उरलेले काम बाहेरून दिसत नाही. आधी बसून सगळे पडदे कागदावर काढायला 4 दिवस, ऑनलाइन पेमेंट जोडायला 5, मेसेज आणि सूचना जोडायला 4, सर्व्हर लावून रोजची नक्कल ठेवण्याची सोय करायला 4, तपासणी आणि दुरुस्तीला 12 आणि प्ले स्टोअरवर चढवायला 3. सगळे मिळून 75 दिवस होतात.

यावर 25 टक्के जास्तीचे दिवस धरावेच लागतात, कारण काम सुरू झाल्यावरच काही गोष्टी आठवतात. किराण्यात अशा दोन गोष्टी नेहमीच्या आहेत. एक म्हणजे सुटा माल. गिऱ्हाईकाने एक किलो गूळ मागवला आणि ढेप फोडल्यावर तो 1 किलो 40 ग्रॅम भरला, तर बिल बदलायचे कसे? दुसरी म्हणजे उधारी. वस्तीतली निम्मी घरे महिन्याच्या वहीवर सामान नेतात. ॲपमध्ये फक्त "रोख" आणि "ऑनलाइन" असे दोनच बटण असले, तर दुकानाचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक ते ॲप उघडणारच नाही. शहरातल्या मोठ्या ॲपची नक्कल करून दिलेल्या तयार ॲपमध्ये या दोन्ही सोयी बहुधा नसतात. पंचवीस हजारांचे ॲप स्वस्त का असते, त्याचे एक कारण हेच आहे. ते तयार साच्यातले असते. फक्त नाव, रंग आणि फोटो बदललेले असतात.

तेव्हा 75 दिवसांचे 94 दिवस झाले. एका अनुभवी डेव्हलपरचा रोज 1,800 रुपये धरला तर 1,69,200 रुपये होतात. त्यात गुगल प्ले स्टोअरचे खाते उघडायची एकदाचीच 25 डॉलर फी आली. शिवाय मेसेज पाठवण्यासाठी दुकानाची टेलिकॉम कंपनीकडे नोंदणी करावी लागते. डीएलटी नावाची ही नोंदणी ट्रायच्या नियमाने सक्तीची आहे, ती नसेल तर ओटीपीचा मेसेज गिऱ्हाईकापर्यंत पोचतच नाही. या किरकोळ गोष्टींना 7,000 रुपये धरले, तर एकूण 1,76,200 रुपये झाले.

डेव्हलपर जीएसटी लावणारा असेल तर त्याच्या बिलावर 18 टक्के वेगळे पडतात. दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर या जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणजे ती रक्कम पूर्ण खिशातून जाते. "जीएसटी धरून की सोडून?" हे कोटेशनवर लिहूनच घ्यावे.

आयफोनवरही ॲप हवे असेल तर ॲपलची फी एकदाची नाही, दरवर्षी 99 डॉलर आहे. बुटीबोरीच्या वस्तीत किती गिऱ्हाईकांकडे आयफोन आहे, ते मोजून मगच त्या वाटेला जावे.

पाडव्याला सुरू केले तर पोळ्याला तयार

आता वेळ पाहू. डेव्हलपर महिन्याला 22 दिवस काम करतो असे धरले, तर 94 दिवसांना चार महिन्यांहून थोडे जास्त लागतात. पण ॲप तयार झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये आले, असे होत नाही.

13 नोव्हेंबर 2023 नंतर वैयक्तिक नावाने उघडलेल्या प्ले स्टोअर खात्याला गुगलने एक अट घातली आहे. ॲप सगळ्यांसाठी खुले करण्याआधी ठरावीक लोकांनी ते सलग 14 दिवस वापरून पाहायचे. ही संख्या आधी 20 होती, डिसेंबर 2024 मध्ये ती 12 केली. यात लोक अडकतात ते "सलग" या शब्दात. घरच्या बारा जणांच्या फोनमध्ये ॲप टाकले आणि चौथ्या दिवशी दोघांनी चाचणीतून अंग काढले, तर गणती बिघडते. म्हणून बाराऐवजी पंधरा-सोळा ओळखीचे लोक आधीच तयार ठेवावेत. यानंतर गुगलची तपासणी होते, त्याला आणखी काही दिवस जातात.

दुसरा वेळ दुकानदाराचा स्वतःचा जातो, आणि तो कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो. 600 वस्तूंचे नाव, वजन, भाव आणि फोटो भरायचे असतात. एका वस्तूला 5 मिनिटे धरली तरी 50 तास होतात. दुकान सांभाळून रोज दोन तास दिले तर 25 दिवस. हे काम डेव्हलपरचे ॲप तयार होण्याची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात एक्सेलच्या तक्त्यात सुरू केले, तर शेवटी खोळंबा होत नाही. पेमेंटवाल्या कंपनीची केवायसी आणि मेसेजची नोंदणीही याच काळात उरकून घ्यावी. पॅन, बँक खाते आणि दुकानाच्या परवान्यावरचे नाव एकच नसेल, तर हे कागद हमखास परत येतात.

सगळे धरून पाच महिने लागतात. गुढीपाडव्याला काम सुरू केले तर पोळ्याच्या आसपास ॲप हातात येईल. जूनमध्ये ॲडव्हान्स देऊन दिवाळीच्या खरेदीची आस धरली, तर ऐन गर्दीत अर्धवट ॲप गळ्यात पडण्याची भीती जास्त.

दुसरी वही : दर महिन्याला न सांगता येणारे बिल

ॲप सुरू झाले. आता महिन्याचा खर्च लिहू.

ॲपचा सगळा माल सर्व्हरवर असतो. सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेला, चोवीस तास चालू असलेला संगणक. लहान सर्व्हर, रोजची नक्कल आणि कर धरून 1,300 रुपये. वेबसाइटच्या नावाचे वर्षाचे भाडे महिन्यावर वाटले तर 100 रुपये. ओटीपीच्या मेसेजला दर नगामागे 20 पैसे धरून 500 मेसेजचे 100 रुपये. इथपर्यंत रक्कम लहान दिसते.

यानंतर येते देखभाल. ॲप एकदा बनवले की झाले, असा समज असतो. पण गुगल दरवर्षी नवीन अँड्रॉइडनुसार ॲप अद्ययावत करायला सांगते, आणि त्याची मुदत साधारण 31 ऑगस्टला असते. ॲपला वर्षानुवर्षे हात लावला नाही, तर नवीन फोन घेतलेल्या गिऱ्हाईकाला ते प्ले स्टोअरवर सापडतच नाही. जुन्या फोनवर चालत राहते, म्हणून मालकाला कळतही नाही. "तुमचं ॲप दिसून नाही राहिलं" असे दोन-तीन नव्या गिऱ्हाईकांनी सांगितले, तर आधी इथेच पाहावे. देखभालीला बांधकामाच्या खर्चाच्या 15 टक्के दरसाल धरले तर महिन्याला सुमारे 2,100 रुपये होतात.

ॲप बांधायचे 1,76,200 रुपयेही कुठेतरी वसूल व्हायला हवेत. ॲप तीन वर्षे चालेल असे मानून 36 महिन्यांवर वाटले, तर दरमहा 4,900 रुपये. हे सगळे मिळून ॲपचा महिन्याचा बांधील खर्च 8,500 रुपये झाला. एकही ऑर्डर आली नाही तरी हा खर्च थांबत नाही.

आता सगळ्यात लपलेला खर्च. ॲपमध्ये "ऑनलाइन पैसे भरा" हे बटण देण्यासाठी पेमेंट गेटवे नावाची कंपनी लागते. या कंपन्यांचा नेहमीचा दर व्यवहाराच्या 2 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्यांच्या फीवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे प्रत्यक्षात 2.36 टक्के. 400 रुपयांच्या बिलावर 9 रुपये 44 पैसे कापले जातात. दोन टक्के ऐकायला कमी वाटतात. पण कापणी होते बिलावर, आणि कमाई आहे बिलाच्या दहाव्या भागाएवढी. त्यामुळे 40 रुपयांच्या कमाईतले जवळपास साडेनऊ रुपये, म्हणजे चौथा हिस्सा जातो. महिन्याच्या 750 ऑर्डरपैकी निम्म्या अशा भरल्या गेल्या तर 3,540 रुपये.

दारात क्यूआर कोड दाखवून बँक खात्यातून यूपीआयने पैसे घेतले, तर दुकानदाराला ही कापणी नाही. जानेवारी 2020 पासून अशा यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून एमडीआर घेतला जात नाही. पैसे ऑनलाइनच आले, पण वाट बदलली. आवाज देणारा डबा घेतला असेल तर तेवढे त्याचे भाडे. म्हणून पहिल्या वर्षी ॲपमध्ये गेटवे जोडायचाच नाही आणि सामान देताना क्यूआर दाखवायचा, हा पर्याय विचारात घ्यावा. बांधकामातले 5 दिवसही वाचतात. यात धोका एवढाच की सामान दारात नेल्यावर गिऱ्हाईकाने नाही म्हटले तर फेरी वाया जाते. ओळखीच्या वस्तीत हे क्वचित घडते.

ऑर्डरमागे उरतात दोन रुपये

उरला तो सामान पोचवायचा खर्च. एक पूर्णवेळ मुलगा ठेवला तर 12,000 रुपये पगार धरू. एका ऑर्डरला अडीच किलोमीटर फेरी झाली, तर 25 ऑर्डरला 62 किलोमीटर होतात. लिटरला 45 चे ॲव्हरेज आणि 105 रुपयांचे पेट्रोल धरले, तर महिन्याला 4,400 रुपये पेट्रोल लागते.

आता बेरीज. ॲपचे 8,500, गेटवेचे 3,540, पगाराचे 12,000 आणि पेट्रोलचे 4,400, एकूण 28,440 रुपये. महिन्याच्या 750 ऑर्डरवर कमाई झाली 30,000 रुपये. हातात उरले 1,560. म्हणजे एका ऑर्डरमागे दोन रुपये. आणि हे दिवसाला 25 ऑर्डर पहिल्या महिन्यापासून आल्या तर.

याच आकड्यांवरून खर्च भरून निघायला किती ऑर्डर लागतात तेही काढता येते. ॲप आणि पगार मिळून 20,500 रुपये बांधील आहेत. गेटवे न ठेवता एका ऑर्डरमागे पेट्रोल वजा जाता सुमारे 34 रुपये राहतात. त्यामुळे महिन्याला 600, म्हणजे रोज 20 ऑर्डर झाल्या की खर्च निघतो. गेटवे ठेवला तर रोज 23 लागतात. यापेक्षा एकही कमी आली की घरचे पैसे घालावे लागतात.

पण या हिशेबातही एक गोष्ट सुटली आहे, आणि तीच सगळ्यात महागात पडते. ॲपवरच्या 25 गिऱ्हाईकांपैकी 15 जण आधीपासून दुकानात येऊनच सामान नेत होते, असे समजा. त्यांच्यावरचे 40 रुपये दुकानदाराला ॲपशिवायही मिळतच होते. ॲपने खरी नवी कमाई दिली ती फक्त 10 ऑर्डरची. महिन्याला 300 ऑर्डर, 12,000 रुपये. खर्च मात्र 28,440. म्हणजे गल्ला भरलेला दिसतो, ऑर्डरचा आवाज दिवसभर वाजतो, आणि दुकान महिन्याला सोळा हजारांनी मागे जाते.

मोठ्या कंपन्याही या गणितातून सुटल्या नाहीत. बंगळुरूची डंझो ही कंपनी व्हॉट्सॲपवर लोकांची कामे घेत घेत वाढली. जानेवारी 2022 मध्ये रिलायन्स रिटेलने तिच्यात मोठी गुंतवणूक केली. ऑर्डर भरपूर होत्या, पण सामान दारात नेण्याचा खर्च कमाईला भारी पडत राहिला. जानेवारी 2025 मध्ये तिचे ॲप आणि वेबसाइट बंद झाले. मोठ्या कंपनीला तोटा भरायला गुंतवणूकदार असतो. किराणा दुकानदाराला फक्त स्वतःचा गल्ला असतो.

आधी वही, मग व्हॉट्सॲप, मग ॲप

हा हिशेब सुधारता येतो, आणि सुरुवात ॲपपासून नाही, फेरीपासून होते. ऑर्डर येईल तशी न पळता दिवसातून दोनच फेऱ्या ठरवल्या, सकाळी अकराची आणि संध्याकाळी सहाची, तर एका फेरीत बारा-तेरा घरे होतात. रोजचे 62 किलोमीटर 25 वर येतात, पेट्रोल महिन्याला 1,750 रुपये. चार तासांसाठी मुलगा 6,000 रुपयांत ठेवता येतो. म्हणजे पोचवण्याचा खर्च 16,400 वरून 7,750 वर येतो. दहा मिनिटांत सामान देणाऱ्या कंपन्यांशी वेगाची स्पर्धा सोडावी लागते. पण महिन्याचे वाणसामान भरणाऱ्या घराला दहा मिनिटांची घाई नसतेच.

आता हीच 25 ऑर्डरची आणि 10 नव्या गिऱ्हाईकांची गोष्ट दोन प्रकारे चालवून पाहू. ॲप असेल तर बांधील 8,500 आणि पोचवण्याचे 7,750 मिळून 16,250 रुपये जातात, नवी कमाई 12,000. अजूनही तोटाच. ॲप नसेल आणि ऑर्डर व्हॉट्सॲप बिझनेसवर घेतल्या, तर खर्च फक्त 7,750. महिन्याला सव्वाचार हजार उरतात.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे. त्यात दुकानाचा पत्ता, वेळ आणि 500 पर्यंत वस्तूंची यादी भाव-फोटोसह टाकता येते. गिऱ्हाईक त्यातूनच टोपली भरून पाठवू शकते. आठवडाभरात हे उभे राहते. सुटा माल आणि उधारी दोन्ही इथे अडत नाहीत, कारण समोर माणूस असतो. फक्त एक ध्यानात ठेवावे. कुणी "व्हॉट्सॲपवर आपोआप मेसेज जाणारी सिस्टीम" विकायला आला, तर ती वेगळी सेवा आहे. तिथे ऑफरच्या प्रत्येक मेसेजचे पैसे लागतात. हजार गिऱ्हाईकांना आठवड्यातून दोनदा ऑफर पाठवायची, तर महिन्याला आठ-नऊ हजार मेसेज होतात. दर आधी विचारून घ्यावा.

मग स्वतःचे ॲप कधी? व्हॉट्सॲपची एक मर्यादा असते. एक ऑर्डर वाचून, भाव लावून, बिल करून उत्तर द्यायला साधारण 4 मिनिटे जातात. 25 ऑर्डरला पावणेदोन तास, ते जमते. 50 ऑर्डर झाल्या की तीन तासांच्या वर जातात, मेसेज एकमेकांत मिसळतात, एकाचे तेल दुसऱ्याच्या पिशवीत जाते. तेव्हा ॲप रोजचे तीन तास वाचवते आणि 8,500 रुपयांचे मोल तिथे वसूल होते.

म्हणून दोन महिने एक साधी वही ठेवावी. रोज चार गोष्टी लिहायच्या : किती ऑर्डर आल्या, त्यातल्या किती नव्या गिऱ्हाईकांच्या, सरासरी बिल किती, आणि किती फेऱ्या वाया गेल्या. दोन महिन्यांनी नव्या गिऱ्हाईकांच्या ऑर्डर रोज वीसच्या पुढे आणि एकूण ऑर्डर चाळीस-पन्नासच्या घरात असतील, तर ॲपचे कोटेशन मागवावे. आकडा दहा-बारावर थांबला असेल, तर ॲप तो वाढवणार नाही. गिऱ्हाईकाला दुकान माहीत नाही, भाव पटत नाही किंवा वेळ जमत नाही, यांपैकी एखादे कारण असते. त्यावर डेव्हलपरकडे इलाज नाही.

ॲडव्हान्स देण्याआधी कागदावर काय हवे

हिशेब जुळला आणि ॲप करायचे ठरले, तर पुढची भांडणे बहुधा मालकीवरून होतात. प्ले स्टोअरचे खाते, वेबसाइटचे नाव आणि सर्व्हर, ही तिन्ही दुकानदाराच्या स्वतःच्या ईमेलवर आणि कार्डावर उघडलेली असावीत. डेव्हलपरला त्यात काम करायची परवानगी देता येते, मालकी द्यायची गरज नसते. "माझ्याच खात्यावर टाकून देतो, पैसे वाचतील," असे कुणी म्हटले तर 25 डॉलर वाचतात. पण उद्या तो माणूस पुण्याला नोकरीला गेला की ॲप आणि गिऱ्हाईकांची यादी दोन्ही त्याच्या ताब्यात राहतात. ॲपचा मूळ कोड आणि त्याच्यावर सही करणारी कीस्टोअर नावाची फाइल पासवर्डसह आपल्याकडे घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

हप्तेही तारखेला न बांधता कामाला बांधावेत. सुरुवातीला 20 टक्के. गिऱ्हाईकाचे ॲप आपल्या स्वतःच्या फोनवर चालून खोटी ऑर्डर टाकता आली की 30 टक्के. दुकानदाराची आणि डिलिव्हरीची बाजू चालली की 30 टक्के. ॲप प्ले स्टोअरवर येऊन खऱ्या गिऱ्हाईकांसोबत एक महिना चालले की उरलेले 20. "80 टक्के काम झाले" हे तोंडी ऐकण्यापेक्षा, घरातल्या जुन्या स्वस्त फोनवर, गावातल्या मंद नेटवर पाच किलो आटा आणि एक लिटर तेल मागवून पाहावे. तिथे टोपली उघडायला पाव मिनिट लागत असेल, तर गिऱ्हाईक फोन ठेवून चालत दुकानात येईल.

आणि कोटेशनच्या शेवटी एक ओळ लिहून घ्यावी : पहिल्या वर्षानंतर दरसाल कोणाला, कशाचे, किती द्यायचे. सर्व्हर, नाव, मेसेज, देखभाल, गेटवे, पाचही आकडे वेगवेगळे. ही ओळ लिहायला जो तयार नसतो, त्याच्या कोटेशनमध्ये दुसरी वही नाही असे समजावे.